तोरणाखालचा क्रम



आषाढीची वारी करून आलेल्या माणसाला घरी पाऊल ठेवताच शेत हाक मारते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, डवरणी अर्ध्यावर असते, निंदायला बाया मिळत नसतात आणि पाऊस उघडीप देईल तेवढ्या दिवसांत सगळे उरकायचे असते. या दिवसांत बैलाच्या मानेवरचे जू उतरते ते फक्त रात्री. श्रावण सरत येतो तशी कपाशीची झाडे दोन्ही बाजूंनी ओळी झाकू लागतात, सोयाबीन दाटते. आता बैल आत घातले तर डवऱ्याने तण कमी निघेल आणि फांद्याच जास्त मोडतील. म्हणून डवरा खांद्यावर टाकून घरी आणायचा. पुढे रब्बीच्या पेरणीसाठी तिफन निघेपर्यंत बैलाला जड काम नाही. पोळा श्रावणाच्या अमावस्येलाच का, याचे उत्तर पंचांगात शोधण्यापेक्षा कपाशीच्या ओळीत उभे राहून पाहावे. बैलाच्या विसाव्याचा तो पहिला दिवस आहे.

पंचांग आणि शेत यांचा मेळ दर वर्षी सारखा बसतो असे मात्र नाही. २०२२ साली पोळा २६ ऑगस्टला आला. पुढच्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणून तो १४ सप्टेंबरपर्यंत लांबला. अशा वर्षी बैल पोळ्याच्या आधीच मोकळे झालेले असतात. दक्षिण महाराष्ट्रात हाच सण बेंदूर म्हणून पावसाळ्याच्या आरंभी येतो, कर्नाटकात ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी होते. जिथे कामाला जेव्हा सुटी मिळते, तिथे बैलाचा सण तेव्हा आला. हे सगळे सांगायला बसलो तर लेख संपेल, म्हणून आपल्याच गावचे घेऊ. त्यातही मला सांगायचे आहे ते मुख्यतः एका दोरीविषयी, गावाच्या वेशीत बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणाविषयी. पण तोरणापर्यंत पोहोचायच्या आधी एक रात्र आणि एक सकाळ जाते, आणि ती गाळून पुढे जाणे बैलावर अन्याय होईल.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. काही घरी तिला खांद शेकणे म्हणतात. गरम पाण्याने मान धुवायची, मग लोणी किंवा तूप आणि हळद एकत्र करून वशिंडाच्या पुढे, जिथे जू टेकते तिथे, पळसाच्या पानाने चोळायची. घरधनी बैलाच्या कानाशी वाकून उद्या जेवायला येण्याचे आवतण देतो. जसे पाहुण्याला द्यावे तसे, आदल्या दिवशी, घरी जाऊन. लहानपणी आम्हाला या आवतणाचेच कौतुक वाटे. आजोबांचे लक्ष मात्र कानाकडे नसे, हाताकडे असे. ते अंगठ्याने खांदा दाबत दाबत जात. बैलाने मान खाली सोडली, डोळे अर्धे मिटले, तर खांदा चांगला. कातडी थरथरली किंवा त्याने मान झटकली, तर आत दुखते आहे. हाताला ऊब लागली तर सूज ताजी, गाठ कडक लागली तर जुनी. दोन्ही बैलांचे खांदे वेगळे निघाले, तर जोडीत उंचीचा फरक पडून जू एका बाजूला कलते आहे आणि ठेंगण्या बैलावर भार जातो आहे, असे ते समजत. मग रब्बीपर्यंत जुवाची सोय करायची. या तुपाहळदीत औषध किती आणि भक्ती किती हे मी सांगू शकत नाही. एवढे खरे की वर्षातून एक संध्याकाळ अशी ठरवलेली होती, जिच्यात मालकाचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरलाच पाहिजे.

सकाळी बैल नदीवर. आता नद्यांना पाणी असले तर नदीवर, नाहीतर विहिरीच्या पंपाखाली. तिथून आले की शिंगे. पूर्वी हिंगूळ लावीत, वर बेगड चिकटवीत, टोकांना पितळी शेंब्या बसवीत. कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, पायांत तोडे, अंगावर गेरूचे ठसे. वेसण, मोरकी, कासरा हे त्या दिवशी नवे असलेच पाहिजे. जुन्या वेसणीने नाक कापत जाते, ती वर्षाकाठी बदलावीच लागते, आणि सणाच्या निमित्ताने ती न विसरता बदलली जाते. एक गोष्ट आता सांगितली पाहिजे. शिंगे काचेने किंवा चाकूने खोल साळून वर घराच्या दारांचा तेलरंग फासायची जी रीत पडली आहे, ती सोडावी. शिंग म्हणजे मेलेले नख नव्हे. त्याच्या आत बुडाशी जिवंत हाड आहे, रक्त आहे. कामाच्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो, आणि जुवाचा सततचा घास व शिंगे साळणे यांचाही त्यात वाटा असतो, असे पशुवैद्य सांगतात. बैल सारखे डोके झटकतो, एका बाजूला कलते धरतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येते, पुढे शिंग बुडाशी हलू लागते. पहिली दोन लक्षणे दिसली की डॉक्टरला दाखवावे. शिंग लोंबू लागल्यावर फार उशीर झालेला असतो.

जेवणाचेही तसेच आहे. बैलाला पुरणपोळीचा नैवेद्य, शिवाय ज्वारी शिजवून केलेला ठोंबरा. माणसांना पुरणपोळी, कढी, भजी, कुरडया. नैवेद्याची पोळी बैलाच्या मुखी लागली की मगच घरात ताट वाढायचे, ही शिस्त आमच्या आजीने कधी मोडू दिली नाही. पण तीच आजी दुसरी पोळी कोणाला घालू देत नसे. बैल पाच घरी ओवाळला जातो, पाचही घरी प्रेमाने पोळ्या खातो आणि रात्री आडवा होतो. वर्षभर कडब्यावर जगलेल्या पोटात एकदम शिजलेले धान्य आणि गूळ गेला की पोटात आंबते. बैल रवंथ थांबवतो, डावी कूस फुगते, दात करकर वाजवतो, पुढे शेण पातळ आणि आंबूस वासाचे पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात अशीच जनावरे उभी असतात. घरी नाळीने काहीबाही पाजत बसू नये, ते फुप्फुसात उतरते. बैल रवंथ करतो आहे की नाही, एवढे रात्री निजण्याआधी कंदील घेऊन पाहणे हाही या पूजेचाच भाग समजावा.

आता दुपार कलते आणि आपण वेशीत येतो.

दोन खांबांना तोरण बांधलेले असते. अंबाडीच्या वाखाचा किंवा गवताचा दोर, त्यात आंब्याची पाने खोवलेली. एका बाजूला गावातल्या सगळ्या जोड्या उभ्या. वाजंत्री, झडत्यांचा आवाज. झडती म्हणजे आमच्या भागात पोळ्यात उभ्याउभ्या म्हणायची गाणी, त्यांत महादेवाचे नाव असते आणि शेजाऱ्याची थट्टाही. तोरण तुटले की पोळा फुटला. मग बैल मारुतीकडे आणि तिथून घरोघर. दारी बाया पाय धुतात, कुंकू लावतात, ओवाळतात. कासरा धरणाऱ्या गड्याला पैसे किंवा कापड देतात, त्याला बोजारा म्हणतात. हे सगळे आपण पाहिलेले आहे. पण तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, दुसरी कोणाची, तिसरी कोणाची, हे कोणी ठरवले?

रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रायबहादूर हीरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९१६ साली निघाला. १९०३ पासून वऱ्हाड त्याच प्रांताला जोडलेला होता. त्या ग्रंथात कुणब्यांच्या प्रकरणात पोळ्याचे वर्णन आहे आणि ते वाचताना आपल्याच गावची वेस डोळ्यांपुढे येते. सर्वांत पुढे एक म्हातारा बैल. त्याच्या शिंगांवर मखर, म्हणजे खुंट्या मारलेली लाकडी चौकट, आणि तिच्यावर पेटते पलिते. तो तोरण तोडतो आणि बाकीची गुरे त्याच्यामागे गावाकडे उधळतात. मखराचा बैल तीन वर्षांच्या आत मरतो अशी समजूतही तिथे नोंदली आहे. मग म्हातारा बैलच का निवडत, हे वेगळे सांगायला नको. मखराच्या मागे गावच्या मालकांचे बैल, त्यांच्यामागे कुळांचे, आणि कुळांचा क्रम पैशावर नव्हे, तर गावात त्या घराण्याची जी परंपरेची जागा असेल तिच्यावर. आपली जागा हुकली तर कुणब्याला ते फार जिव्हारी लागते, असे परक्या माणसाच्याही ध्यानात आले होते.

हा क्रम त्याहून कितीतरी जुना आहे. मराठेशाहीतले वतनाचे कागद पाहिले, विशेषतः भावाभावांत पाटीलकी वाटून घेतल्याचे, तर त्यांत शेताच्या वाटणीइतकीच मानाची वाटणी काटेकोर असते. विडा आधी कोणी घ्यावा, होळीची पोळी आधी कोणाची पडावी, दसऱ्याला आपट्याची पूजा कोणी करावी आणि पोळ्याचे बैल आधी कोणाचे चालावेत. आज आपल्याला हे पोरकट वाटते. पण शेताची हद्द तरी बांधावरून दिसते, पाटीलकी कशावरून दिसणार? ज्या गावात वाचणारा एखादाच, तिथे कागद पेटीत ठेवून उपयोग नव्हता. वर्षातून एकदा सगळे गाव वेशीत उभे असताना माझा बैल पहिला गेला, हाच माझ्या हक्काचा पुरावा. आणि एक वर्ष तो दुसऱ्याचा गेला आणि मी गप्प राहिलो, तर तो माझ्याविरुद्धचा पुरावा. म्हणून भांडणे होत, बैलांवरून नव्हेत, साक्षीवरून. सगळे गाव साक्षीदार असे.

याच रांगेत कोण नव्हते, तेही पाहिले पाहिजे. अंबाडी कुजवून, सोलून, वाख काढून ज्यांनी वेसणी आणि कासरे वळले, तोरणाचा दोर ज्यांनी ताणून बांधला, वाजंत्री ज्यांनी वाजवली, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या दारी बैल नव्हताच. ज्याच्याकडे होता त्याची जोडी शेवटी. पंढरीच्या वाटेवर एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणारी माणसे पोळ्याच्या दिवशी वेशीत आपापली जागा अंगुळभर सोडत नसत. मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. माझेच आजोबा माळकरी होते आणि माझेच आजोबा त्या रांगेत भांडत होते.

आमचे गाव घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीतले. पाटलाच्या घराण्याच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी, आम्ही धाकट्या पातीतले. आजोबांच्या तरुणपणी एका पोळ्याला थोरल्या पातीचा वडील माणूस वारलेला, घरात सुतक. त्यांची जोडी निघणार नाही असे समजून आजोबांनी आपली जोडी तोरणाखाली आणली. तेवढ्यात थोरल्यांचा भाचा त्यांचे बैल घेऊन आला. सुतक माणसाला असते, बैलाला नाही, असे त्याचे म्हणणे. आजोबा म्हणाले, बैलाला सुतक नाही, पण त्याला सजवणाऱ्या हाताला आहे. दोन्ही बोलणी बिनतोड! दिवे लागले तरी कोणी हलेना. दिवसभर उपाशी ठेवलेली, सजवलेली, मागून ढोल वाजत असलेली जनावरे अंधारात उभी राहिली. शेवटी मागच्या एका गोऱ्ह्याने कासरा हिसडला आणि तो एकटाच तोरण तोडून पळाला. कोणाचा होता? गावाच्या अगदी टोकाला राहणाऱ्या एका विधवा बाईचा. त्या वर्षीचा पोळा त्या गोऱ्ह्याने फोडला, असे म्हातारी माणसे कितीतरी वर्षे हसून सांगत. पुढे पंचांनी बसून पाळी लावली, एक वर्ष थोरली पाती, एक वर्ष धाकटी.

मग कायदा आला. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने संपली, पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमला जाऊ लागला, आणि त्यात वारसाहक्क नव्हता. वसुलीचे काम तलाठ्याकडे गेले, दप्तर गेले. तोरणाची पाळी मात्र गेली नाही. कायद्याने पद रद्द करता येते, आणि मान तर कुठल्या सरकारी वहीत लिहिलेलाच नव्हता. आजोबा तर म्हणत, आता उरले आहे तेवढेच आहे. मला वाटते, पद गेल्यावर तो पहिल्या जोडीचा मान त्यांना अधिकच प्रिय झाला.

जे कायद्याने झाले नाही ते ट्रॅक्टरने केले. वर्षभर दोन बैल पोसायचे, कडबा, ढेप, गडी, आणि काम वर्षातले मोजके दिवस. सालगडी मिळेनासे झाले तशा जोड्या निघू लागल्या. मोठ्या शेताच्या घरांतून बैल आधी गेले आणि दोन-चार एकरवाल्यांकडे राहिले, कारण त्यांना ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही आणि डवरणीला बैलाइतके नेटके यंत्र अजून सगळ्यांच्या आवाक्यात नाही. याचा परिणाम तोरणाखाली कसा दिसावा? ज्यांचा मान पहिला त्यांच्याकडे बैल नाहीत आणि ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांचा मान शेवटचा.

आमच्याकडे ते एका वर्षी समोर आले. पाळी आमची होती. मोठ्या काकांनी आदल्या दिवाळीतच शेवटची जोडी विकलेली. मान सोडायचा नव्हता. काका आमच्याकडे पूर्वी सालाने राहिलेल्या एका गड्याकडे गेले. त्याने नंतर थोडी जमीन घेतली होती आणि त्याच्याकडे पांढरीशुभ्र जोडी होती. मी तेव्हा काकांबरोबर होतो. काकांनी जोडी मागितली, त्याने नाही म्हटले नाही. चहा दिला, आणि थोड्या वेळाने विचारले, “पाटील, बैल माहे, मान तुमचा. मंग कासरा कोनी धरायचा?”

काका काही बोलले नाहीत. त्याने पुन्हा विचारले नाही. परत येताना वाटेत काका मला म्हणाले, की आपण धरला तर बैल आपल्याला ओळखत नाहीत, वाजंत्रीत बुजतील. हे खरेच होते. अनोळखी हातात नवा कासरा, कानाशी ढोल, समोर लटकते तोरण, अशा वेळी बैल बुजला की शेजारच्या जोडीवर जातो आणि शिंगे लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच गडी, नवे धोतर नेसून, आपल्याच बैलांचा कासरा धरून, पहिला तोरणाखाली उभा राहिला. काका त्याच्या मागे, हात जोडून. गावात कोणी काही बोलले नाही. फक्त ओवाळण्याच्या वेळी आमच्या दारी आई घोटाळली. बोजारा द्यायचा तो कासरा धरणाऱ्याला, पण हा तर आज बैलाचा मालक. आईने बैलांचे पाय धुतले, मग त्याच्या पायांवर पाणी घातले, त्याला कुंकू लावले आणि पैसे न देता ताट वाढले. तो ओट्यावर नाही, घरात पाटावर जेवला. पुढच्या वर्षी पाळी थोरल्यांची होती. त्यांच्याकडेही बैल नव्हते. तेही त्याच्याकडेच गेले.

आता शहराकडे येऊ, कारण या मासिकाचे पुष्कळ वाचक गाव सोडून खामगाव, अकोला, नागपूर, पुणे अशा ठिकाणी राहतात आणि पोळ्याला बाजारातून मातीची जोडी आणतात. पाटावर गहू किंवा ज्वारी पसरून त्यावर जोडी ठेवतात, हळदकुंकू, झेंडूची फुले, पुरणपोळीचा नैवेद्य. काही जण हे जरा ओशाळून सांगतात, की आमचे काय, मातीचे बैल, नावापुरते. मला हे ओशाळणे पटत नाही. मातीचा बैल ही शहराने काढलेली पळवाट नव्हे. गावातही ज्याच्या दारी बैल नव्हता त्याच्या घरी कुंभाराकडून मातीची जोडीच येई. तोरणाखालच्या रांगेत ज्यांना जागा नव्हती त्यांचा पोळा या मातीच्या बैलांवरच झाला. आज पुण्याच्या सदनिकेत राहणारा पाटलाचा नातू आणि त्या काळचा बिनबैलाचा मजूर यांची पूजा एकच आहे, फक्त नातवाला ते ठाऊक नसते.

नागपूरकडे मुलांसाठी वेगळाच तान्हा पोळा होतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत. तो नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघूजींनी सुरू केला असे सांगतात. आमच्या बाजूला तो पूर्वी नव्हता, आता शाळांतून होऊ लागला आहे. लाकडी बैल पिढ्यान् पिढ्या टिकतो आणि त्याची किंमतही त्या मानाने असते. मातीचा स्वस्त, पण त्यातही पाहून घ्यावे. गाळाच्या मातीचा बैल हाताला जड आणि थंड लागतो, नखाने खरवडले तर रंगाखाली माती दिसते. साच्यातला प्लास्टरचा पांढरा निघतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि कुंभाराच्या चाकाला त्याचा काही उपयोग नाही.

२०२० साली करोनामुळे गावोगावचा एकत्र पोळा बंद राहिला आणि दोन वर्षांनी जनावरांतच लम्पी पसरला, तेव्हा पुन्हा अनेक ठिकाणी गुरे एकत्र आणायला मनाई झाली. लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो आणि तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभी असलेली शंभर जनावरे म्हणजे त्याला आयतेच आवतण. त्या वर्षी आमच्या गावात प्रत्येकाने आपापल्या गोठ्यात बैल पुजले. वेशीत तोरण नाही, रांग नाही, पहिला-दुसरा नाही. काका फोनवर म्हणाले, बरे झाले, यंदा कोणाकडे जोडी मागायला जायला नको. आणि थोडे थांबून म्हणाले, पण पोळा झाल्यासारखा वाटला नाही.

गेल्या पोळ्याला मी मुलीकडे पुण्यात होतो. तिच्या इमारतीत विदर्भातली आठ-दहा घरे आहेत. खाली वाहनतळात दोन खांबांना सुतळी बांधून त्यांनी आंब्याची पाने अडकवली होती, पाने बाजारातून विकत आणलेली. मुले आपापले मातीचे, लाकडी, एकाचा तर पुठ्ठ्याचा, असे बैल घेऊन उभी राहिली आणि अर्थातच पहिला कोण यावरून भांडण लागले. माझा नातू म्हणाला, आमच्या आजोबांचा गावी पहिला मान असतो. बाकीच्या मुलांनी माझ्याकडे पाहिले.

मी त्याला म्हटले, यंदा पाळी थोरल्यांची आहे. त्याला काही कळले नाही. तोवर झाडलोट करणाऱ्या बाईंची लहान मुलगी, जिच्याकडे बैलच नव्हता, ती सुतळीखालून पळत पलीकडे गेली. पाने खाली पडली आणि सगळी मुले तिच्यामागे धावली. धावपळीत नातवाच्या डाव्या बैलाचे शिंग मोडले. वर येऊन मुलीने ते कणकेने चिकटवले, हळद लावली आणि जोडी पुन्हा पाटावर ठेवली.